प्राइस प्लीज, आणि त्यानंतरचा अर्धा तास

आमच्या कुठल्याही रीलखाली जाऊन बघा, निम्म्याहून जास्त कमेंटी एकाच प्रश्नाच्या असतात. ‘प्राइस प्लीज’, नुसतंच ‘पीपी’, ‘रेट?’, ‘कितीला’, ‘भाव शूं छे’, ‘कीमत बताना दीदी’. बडोद्यात दुकान म्हटल्यावर मराठी, गुजराती, हिंदी तिन्ही आलंच, आणि तेही बहुतेक इंग्रजी अक्षरांत. आम्ही शिवलेली नऊवारी करतो. दांडिया बाजारातल्या एका गल्लीत पुढे छोटं दुकान, मागच्या खोलीत मशिनं. कापड बेतायचं काम सासूबाईंचं, शिलाई मास्तर आणि एक ताई करतात, आणि फोन माझ्याकडे. इन्स्टाग्राम सुरू केलं तेव्हा घरात सगळ्यांना वाटलं की रील चाललं म्हणजे काम आलं. रीलं चालली. लोक बघायचे, बदाम टाकायचे, भाव विचारायचे आणि तिथेच संपायचं. कमेंटपासून शिलाईच्या वहीपर्यंत माणूस कसा येतो, हे मला हळूहळू कळत गेलं. ते इथे लिहिते आहे, कारण साड्या, दागिने, फराळ, केक करणाऱ्या मैत्रिणी मला सारखं हेच विचारतात.

आधी एक गोष्ट ठरवावी लागली. आमच्या धंद्यात चौकशी कशाला म्हणायचं? भाव विचारला ती चौकशी नव्हे. रस्त्यावरून जाताना काचेतली साडी बघून कोणी ‘केवढ्याला?’ विचारतं, तसं ते आहे. माझ्या दृष्टीने चौकशी झाली म्हणजे चार गोष्टी कळल्या: कधी हवी, कोणासाठी, साडी त्यांची की आमची, आणि माप कोण घेणार. यातली पहिली कळली नाही तर बाकीच्या तिघींचा उपयोग नाही. आमच्याकडे दिवसाला मोजक्याच नऊवाऱ्या होतात. परवाच्या मुंजीसाठी कोणी आज विचारत असेल तर तिच्याशी पेशवाई की ब्राह्मणी यावर तासभर बोलणं म्हणजे तिचाही वेळ फुकट आणि माझाही. म्हणून माझ्या पहिल्या उत्तरात भाव असतो आणि लगेच एक प्रश्न असतो. तो नेहमी तारखेचाच.

भाव मी उघड लिहिते, कमेंटमध्येच. यावर घरात वाद झाले. भाचा म्हणाला, ‘मामी, सगळे चेक डीएम लिहितात, तू कशाला भाव दाखवतेस? समोरचा दुकानदार बघेल.’ समोरच्या दुकानदाराला भाव हवा असेल तर तो बायकोच्या खात्यावरून विचारतोच. अडचण वेगळीच आहे. ‘डीएम केलाय बघा’ असं आपण लिहितो, पण जी बाई आपल्याला फॉलो करत नाही तिच्याकडे आपला मेसेज तिच्या मुख्य इनबॉक्समध्ये पडत नाही. तो पडतो ‘रिक्वेस्ट्स’मध्ये, आणि तिथे महिनोन्महिने कोणी डोकावत नाही. शिवाय तिने तो स्वीकारेपर्यंत आपल्याला एकच मेसेज पाठवता येतो, तोही नुसत्या अक्षरांचा. फोटो जात नाही. म्हणजे आपल्याला वाटतं की उत्तर दिलं, तिला वाटतं की दुकानवाल्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

उघड उत्तराचा दुसरा फायदा असा की ते एकीसाठी लिहिलेलं असतं आणि दहाजणी वाचतात. भाव झेपणारा नसेल तर ती गप्प पुढे जाते, आणि झेपणारा असेल तर स्वतःहून मेसेज करते. तिने आधी मेसेज केला की आपलं उत्तर तिच्या चालू गप्पांमध्येच येतं, रिक्वेस्टची भानगड उरत नाही. माझं नेहमीचं उत्तर साधारण असं असतं: ‘नुसती शिलाई मोठ्यांची १,२०० पासून, साडीसकट २,८०० पासून. लहान मुलींची साडीसकट १,५०० पासून. कार्यक्रम कधी आहे ताई?’ ‘पासून’ हा शब्द हवाच, कारण कोणी काठपदराची स्वस्त साडी घेतं, कोणी पैठणीच्या काठाची मागतं. पण तो आकडा खरा हवा. १,२०० पासून लिहून प्रत्यक्षात कोणालाच १,८०० च्या खाली काही मिळत नसेल, तर लोक पुढच्या रीलखाली येऊन तेच लिहितात.

उत्तर देताना त्यांच्या कमेंटखालचं ‘रिप्लाय’च दाबायचं. आमच्या ताईंनी मी नसताना एकदा उत्साहाने सगळ्यांना उत्तरं दिली, पण प्रत्येक वेळी खालच्या मोकळ्या चौकटीत. वीस बायकांची वीस उत्तरं एकाखाली एक, कोणाचं कोणाला ते कळेना. रिप्लाय दाबला की समोरचीचं नाव आपोआप पुढे लागतं आणि तिच्या फोनवर सूचना जाते. नाव न लावता लिहिलं तर तिला पत्ताच लागत नाही. आणि कमेंटमध्ये व्हॉट्सॲपची लिंक टाकू नका, ती तिथे दाबली जात नाही. लिंक बायोमध्ये दाबली जाते, डीएममध्ये दाबली जाते. कमेंटमध्ये ती नुसती लांबलचक अक्षरं होऊन बसते.

आता आपल्या बाजूच्या रिक्वेस्ट्स. व्यावसायिक खात्याच्या इनबॉक्सला प्रायमरी आणि जनरल असे दोन कप्पे असतात, आणि अनोळखी माणसाचा मेसेज आधी येतो तो रिक्वेस्ट्समध्ये. आमची जवळजवळ सगळी नवीन गिऱ्हाइकं अनोळखीच असणार, म्हणजे ज्यांची वाट बघतो तेच नेमके तिकडे. नोटिफिकेशनच्या सेटिंगमध्ये मेसेज रिक्वेस्टसाठी वेगळी निवड असते, ती चालू करून ठेवली तर निदान फोन वाजतो. त्याच्याही आत ‘हिडन रिक्वेस्ट्स’ आहेत. इन्स्टाग्रामला जे मेसेज संशयास्पद वाटतात ते तिथे जातात, आणि तिथलं काही आपल्याला कोणी येऊन सांगत नाही. दिवसातून एकदा, सकाळी दुकान उघडल्यावर, मी हाताने तिथे जाऊन बघते. बहुतेक कचरा असतो. पण त्यात अधूनमधून एखादी खरी बाई अडकलेली सापडते, आणि ती बाई सहसा फार सभ्यपणे, सविस्तर लिहिणारी असते.

वेळेचं म्हणाल तर आमच्याकडे कमेंटींचा पूर रात्री जेवणं झाल्यावर येतो, साडेनऊ ते अकरा. दुकान आठला बंद. हीच खरी गोम आहे. दुकान उघडं असतं तेव्हा फोन शांत, आणि बायका निवांत होऊन फोन हातात घेतात तेव्हा आपण भांडी आवरत असतो. सकाळी दहाला उत्तर दिलं तर ती ऑफिसात, डब्यात, मुलाच्या शाळेत गुंतलेली. तिच्या मनातली ती नऊवारी रात्रीच झोपून गेलेली असते. म्हणून आम्ही ठरवलं की दिवसा जमेल तेव्हा, पण रात्रीचा तो तास फोन कोणा एकाच्या हातात हवाच. कधी मी, कधी भाचा. भाच्याला कापडातलं काही कळत नाही, पण भाव आणि तारीख विचारायला कापड कळावं लागत नाही.

एका गुरुवारच्या रात्रीचं उदाहरण सांगते, म्हणजे हा सगळा प्रवास कसा होतो ते दिसेल. जांभळ्या पेशवाईचं रील होतं, हिरवे काठ. पावणेदहाच्या सुमाराला कमेंट आली: ‘प्राइस प्लीज. भरूचला पाठवता का?’ गावाचं नाव लिहिलंय म्हणजे ही नुसती बघी नाही, हे लगेच कळतं. मी कमेंटखाली भाव लिहिला, ‘भरूचला पाठवतो’ लिहिलं आणि तारीख विचारली. पाचेक मिनिटांत रिक्वेस्ट्समध्ये मेसेज: ‘नमस्कार, बहिणीचं लग्न आहे. मला आणि माझ्या सहा वर्षांच्या मुलीला सारखी हवी. माझ्याकडे आईची साडी आहे, तिची होईल का? लग्न पुढच्या रविवारच्या पुढच्या रविवारी.’

नवख्या माणसाला वाटेल की सतरा दिवस हातात आहेत. पण लग्नाची तारीख ही आमची तारीख कधीच नसते. मी विचारलं, ‘तुम्ही घरातून कधी निघणार?’ लग्न नाशिकला, निघायचं गुरुवारी. आणि नऊवारी लग्नात नेसायची की हळदीला? हळदीला. म्हणजे शनिवारी. म्हणजे निघायच्या आदल्या दिवशी, बुधवारी, दोन्ही तिच्या हातात हव्यात. शिवून झाल्यावर एकदा घालून बघायला आणि कंबर सैल-घट्ट करायला दोन दिवस सोडले, तर आमच्याकडून सोमवारी निघायला हव्यात. सतराचे राहिले अकरा, त्यात दोन रविवार. होण्यासारखं होतं. पण हे तिला त्याच रात्री सांगितलं म्हणून होण्यासारखं होतं. आणखी दोन-तीन दिवस ‘बघू, विचारते’ मध्ये गेले असते तर मी नाही म्हटलं असतं. तेही मी तिला लिहिलं, धमकीसारखं नाही, वहीत कोणती जागा मोकळी आहे ते सांगितलं.

मग आईची साडी. इथे घाई करायची नसते. ‘साडी नऊवारीच आहे ना?’ असं विचारलं तर सगळ्या हो म्हणतात. म्हणून मी विचारते, ‘टेपने मोजून किती मीटर भरते?’ नऊवारी आठ मीटरच्या वर भरते, सहावारी ब्लाउजपीस सोडून साडेपाचच्या आसपास. तिची साडेपाच भरली. सहावारीतून मुलीची नऊवारी आरामात होते. मोठ्या बाईची करायची तर आतून दुसरं कापड जोडावं लागतं आणि निऱ्या कमी पडतात, फोटोत ते दिसतं. तसं लिहिलं. पुढचा प्रश्न सासूबाईंचा असतो, त्या शेजारी बसून मला सांगत असतात: ‘विचार तिला, साडी कापणार आहोत हे तिच्या आईला माहीत आहे का?’ गंमत वाटेल, पण हा प्रश्न आम्ही कधीच गाळत नाही. शिवलेली नऊवारी परत साडी होत नाही. ती म्हणाली, थांबा, फोन करते. दहा मिनिटांनी परत आली: ‘आई म्हणाली, हात लावू नकोस माझ्या साडीला.’ पुढे हसरे चेहरे. मग दोन्ही साड्या आमच्याच घ्यायचं ठरलं.

एवढं झाल्यावर मी तिला व्हॉट्सॲपवर बोलावलं. त्याआधी बोलवत नाही. सुरुवातीलाच ‘डिटेल्ससाठी व्हॉट्सॲप करा’ म्हटलं तर मधल्या उडीत माणसं गळतात, कारण नंबर सेव्ह करा, ॲप बदला, परत तेच सगळं लिहा. तारीख आणि साडी पक्की झाली की मात्र व्हॉट्सॲपच बरं, कारण पत्ता, मापं, पैसे, रंगाचे फोटो हे सगळं एका जागी राहतं आणि कामाच्या वहीशी जोडता येतं. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये दुकानाची छोटी लिंक मिळते, तिच्यात आधीच लिहिलेला मेसेजही भरून ठेवता येतो. आमच्या लिंकवर दाबलं की ‘नऊवारीबद्दल इन्स्टाग्रामवर बोललो होतो’ एवढं आयतं येतं. तिने फक्त पाठवायचं. नाहीतर लोक नुसतं ‘हाय’ पाठवतात, आणि ही कुठली हाय हे शोधण्यात माझा जीव जातो.

मापं रात्री घेऊ नका, असं मी सांगते. दिवसभराचं जेवण पोटात असतं आणि घेणारा नवरा टेप तिरपी धरतो. आम्ही मापाचा छोटा व्हिडिओ करून ठेवलाय, सासूबाईच दाखवतात: कंबर बेंबीच्या रेषेत, सीट सगळ्यात रुंद भागावर, आणि कंबर ते घोटा, ज्या चपला घालणार त्या घालून. सकाळी तिची मापं आली: कंबर ३४, सीट ३३. सीट कमरेपेक्षा कमी सहसा असत नाही, म्हणजे एकतर आकडे उलटे पडलेत किंवा सीटचं माप वर घेतलंय. परत घ्यायला लावलं, सीट ३९ निघाली. त्या ३३ वर काष्टा बेतला असता तर हळदीला ती खाली बसू शकली नसती. काहीजणी मापाऐवजी ‘कुर्ती ३८ लागते’ लिहितात. त्यावरून नऊवारी बेतता येत नाही, हे प्रत्येकीला नव्याने सांगावं लागतं.

अर्धे पैसे आगाऊ, यूपीआयने. पाठवायचं कसं हा प्रश्नच उरला नाही, कारण तिचा नवरा भरूच-बडोदा अप-डाऊन करतो. तो सोमवारी संध्याकाळी स्टेशनला जाताना पिशवी घेऊन गेला. कमेंट आल्यापासून ‘दोन्ही पक्क्या, सकाळी मापं पाठवते’ इथपर्यंत जेमतेम अर्धा तास गेला, आणि त्यातली दहा मिनिटं तर आईच्या फोनची. तिने त्या रात्री आणखी दोन ठिकाणी तोच प्रश्न टाकला होता, हे तिनेच नंतर सांगितलं. एका ठिकाणाहून दुसऱ्या दिवशी दुपारी ‘चेक डीएम’ आलं.

हे वाचून वाटेल की मी फोनला चिकटून बसते. तसं नाही, आणि तसं जमणारही नाही. बरंचसं आयतं लिहून ठेवलेलं असतं. इन्स्टाग्रामच्या व्यावसायिक खात्यात ‘सेव्ह्ड रिप्लाय’ असतात, व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये ‘क्विक रिप्लाय’. व्हॉट्सॲपवर तिरपी रेघ मारून छोटा शब्द लिहिला की पूर्ण मजकूर समोर येतो. माझे चालणारे फार नाहीत: भाव, साडी मोजायची पद्धत, मापाचा व्हिडिओ, पत्ता, आगाऊ पैसे. प्रत्येक तीन भाषांत. कमेंट ज्या भाषेत आली त्याच भाषेत उत्तर गेलं पाहिजे. गुजराती बेनला मराठीत उत्तर गेलं की तिला वाटतं हे दुकान आपल्यासाठी नाही, आणि गणपतीच्या दिवसांत नऊवारी नेसायची हौस असलेल्या गुजराती मुली आमच्याकडे बऱ्याच येतात. पण आयत्या उत्तरातली पहिली ओळ मी नेहमी हाताने लिहिते. तिने भरूच लिहिलं असेल तर उत्तरात भरूच आलं पाहिजे, मुलगी सहा वर्षांची म्हटलं असेल तर सहा आलं पाहिजे. यंत्राने दिलेलं उत्तर लोक लगेच ओळखतात आणि मग स्वतःही यंत्रासारखेच वागतात.

आपोआप जाणाऱ्या मेसेजबद्दलही तेच. दुकान बंद असतानाचा ‘अवे मेसेज’ व्हॉट्सॲपमध्ये लावता येतो, फक्त तो जाण्यासाठी आपल्या फोनचं इंटरनेट चालू असावं लागतं. रात्री डेटा बंद करून झोपणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. नव्या माणसाला जाणारा ‘ग्रीटिंग मेसेज’ वेगळा. तो पहिल्यांदा मेसेज करणाऱ्याला किंवा चौदा दिवस काही बोलणं न झालेल्याला जातो. पूर्वी आमच्या अवे मेसेजमध्ये ‘आपल्या मेसेजबद्दल धन्यवाद, आम्ही लवकरच संपर्क करू’ असं छापील काहीतरी होतं. त्यावर कोणी काय बोलणार? आता तिथे लिहिलंय: ‘दुकान सकाळी साडेदहाला उघडेल. तोवर तारीख, कोणासाठी आणि साडी तुमची की आमची एवढं लिहून ठेवा, सकाळी उत्तर नक्की मिळेल.’ सकाळी फोन उघडते तेव्हा पुष्कळजणींनी ते लिहिलेलं असतं, आणि नुसता ‘रेट?’ टाकून गेलेल्या आपोआप मागे पडतात.

व्हॉट्सॲपवर रंगीत लेबलं लावते. तयार लेबलं असतात, पण मी आमची केली: ‘तारीख बाकी’, ‘माप बाकी’, ‘पैसे बाकी’, ‘बेतलं’. माप बाकी असलेलीला एकदा आठवण करते, दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवणानंतर. आणि बेतायची वेळ हातातून जायच्या आदल्या दिवशी आणखी एकदा, तेव्हा स्पष्ट लिहिते की उद्या संध्याकाळनंतर ही तारीख दुसऱ्या कोणाला देईन. त्यानंतर नाही. तिसऱ्यांदा विचारलेल्यांपैकी कोणी परत आल्याचं मला आठवत नाही. उलट लोक ब्लॉक करतात, आणि जास्त लोकांनी ब्लॉक किंवा रिपोर्ट केलं तर नंबरवरच गंडांतर येतं. ज्यांची कधीच तारीख कळली नाही त्यांच्या मागे तर मी एकदाही लागत नाही.

पटकन उत्तर द्यायची सवय लागली की तिचा फायदा घेणारेही येतात. रिक्वेस्ट्समध्ये ‘तुमच्या पानावर कॉपीराइटची तक्रार आहे, चोवीस तासांत इथे दाबा नाहीतर खातं बंद’ असे मेसेज येतात, वर निळ्या रंगाचं अधिकृत दिसणारं चित्र. दाबायचं नाही. दुसरा प्रकार म्हणजे एकदम वीस नऊवाऱ्यांची ऑर्डर, मापाची चौकशी नाही, रंगाची नाही, तारीखही कुठलीही चालेल, आणि पैसे लगेच पाठवतो, फक्त हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका. यूपीआयमध्ये पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, तो देण्यासाठी लागतो. नऊवारीला माप न विचारणारा माणूस गिऱ्हाईक नाही, एवढं ओळखायला मला क्यूआरपर्यंत जावंही लागत नाही. आगाऊ पैशांचा नुसता स्क्रीनशॉट आला तर बँकेचा मेसेज आल्याशिवाय सासूबाई कात्री उचलत नाहीत.

आणि नाही म्हणायचं ते पटकन म्हणायचं. गणपती उठले की बडोद्यातला प्रत्येक शिंपी चणिया चोळीत बुडालेला असतो. नवरात्रात इथे गरब्याला सगळं शहर बाहेर असतं, आणि आमचे मास्तरही तेवढे दिवस त्यांच्या मोठ्या भावाच्या दुकानी मदतीला जातात. त्यांचा तसाच करार आहे आणि त्यावर आमचा काही आक्षेप नाही. मग त्या पंधरा-वीस दिवसांत आमच्याकडे नवीन शिलाई होत नाही, पण कमेंटी थांबत नाहीत. तेव्हा मी गप्प बसत नाही, लगेच लिहिते: ‘ताई, दसऱ्यापर्यंत मापाची शिलाई बंद आहे. तयार एस, एम, एल आहेत, फोटो पाठवू? मापाचीच हवी असेल तर दसऱ्यानंतरची तारीख सांगा, वहीत नाव घालते.’ दिवाळीनंतर तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू होतातच, त्यामुळे या नावांतली बरीच खरोखर मापं घेऊन येतात. तयार साइझ मात्र मी उंची विचारल्याशिवाय देत नाही. पाच फुटांच्या बाईला एल कमरेत बसतो आणि घोट्यावर लोळतो.

यंदा या दसऱ्यानंतरच्या यादीत नावं जरा जास्तच झाली आहेत. सासूबाई म्हणतात, मास्तरांना एक दिवस आधी बोलवा. मास्तर म्हणतात, शरद पौर्णिमेपर्यंत जमणार नाही. त्यामुळे सध्या कमेंटमध्ये मी दसऱ्यानंतरची नाही, पौर्णिमेनंतरची तारीख विचारते आहे.